दोन तिकिटं, एक प्रवास आणि मधली जबाबदारी

विमानाचं तिकीट शोधताना एक मोह हमखास होतो. नागपूर ते बोस्टन असा शोध घेतला की एक आकडा दिसतो. तोच प्रवास नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते बोस्टन असा दोन वेळा शोधला, तर दोन्ही तिकिटांची बेरीज कधी कधी त्यापेक्षा चार-पाच हजारांनी कमी भरते. विमानं तशीच, मध्ये चार तासांचा अवधी, मग जास्त पैसे कशाला मोजायचे, असं वाटून आपण दोन तिकिटं काढतो. विमान कंपन्यांच्या भाषेत हा ‘सेल्फ-ट्रान्सफर’ होतो. एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत स्वतःला आणि सामानाला पोहोचवण्याची सगळी जबाबदारी त्या क्षणी प्रवाशाकडे येते.

सलग तिकिटात ही जबाबदारी कंपनीची असते. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या उपलब्ध विमानात जागा करून देणं हे तिचं काम. भारतातल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांतही विमान रद्द झाल्यामुळे पुढचं विमान चुकलेल्या प्रवाशाला संरक्षण आहे, पण ते ‘त्याच तिकीट क्रमांकावरच्या’ पुढच्या विमानापुरतं. दोन तिकिटं म्हणजे दोन स्वतंत्र करार. मुंबईपर्यंत आणणाऱ्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास मुंबईत संपलेला असतो. बोस्टनला नेणाऱ्या कंपनीच्या लेखी तो मुंबईतच सुरू होतो, आणि तुम्ही वेळेत काउंटरवर आला नाहीत एवढंच तिला दिसतं.

आता मधल्या चार तासांचं काय होतं ते एका उदाहरणातून पाहू. नागपूरची एक विद्यार्थिनी ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी बोस्टनला निघाली आहे, असं समजा. तिचं नागपूरचं विमान रात्री 9 वाजता मुंबईच्या टर्मिनल 1 वर, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूला येणार आहे. बोस्टनचं तिकीट दुबईमार्गे आहे आणि ते विमान रात्री 1 वाजता टर्मिनल 2 वरून, म्हणजे सहारहून सुटणार आहे. सोबत प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा आहेत.

विमान अगदी वेळेवर आलं असं धरू. दार उघडून, बसमधून टर्मिनलमध्ये यायला सव्वानऊ होतात. पट्ट्यावरून दोन्ही बॅगा हातात येईपर्यंत नऊ चाळीस. ट्रॉली ढकलत बाहेर येऊन टॅक्सीत बसेपर्यंत दहाला पाच कमी. दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली, तरी सामान घेऊन एकातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता शहरातून जातो. रात्रीच्या वाहतुकीत अर्धा-पाऊण तास सहज लागतो, म्हणून साडेदहा धरू. दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट तपासतात. तिथली रांग संपवून आत जायला पावणेअकरा. अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या त्या हंगामात चेक-इनच्या रांगेत पाऊण तास गेला, तर काउंटरसमोर पोहोचायला साडेअकरा वाजतात.

आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी. म्हणजे इथे मर्यादा बारा वाजेपर्यंतची. कागदावर चार तास दिसत होते, हाती उरला अर्धा तास, आणि तोही सगळं सुरळीत झालं तर. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. ऑगस्टच्या पावसात दृश्यमानता घसरली की विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. पाऊण तासाचा उशीर ही अशा रात्री नेहमीची गोष्ट. तेवढ्यानेच हा प्रवास मोडतो.

मोडतो म्हणजे किती, तेही नीट समजून घ्यायला हवं. बोस्टनच्या तिकिटावर ती ‘नो-शो’ ठरते. तिकिटाचा पहिला टप्पा वापरला नाही, तर पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. म्हणून मुंबई-दुबई चुकलं की दुबई-बोस्टनही जातं आणि परतीचं काढलं असेल तर तेही. तिच्या तिकिटाच्या नियमांप्रमाणे काही कर आणि थोडीबहुत रक्कम परत मिळते, किंवा दंड आणि भाड्यातला फरक भरून तारीख बदलून मिळते. नाही तर नवं तिकीट, तेही गर्दीच्या दिवसांत, आयत्या वेळच्या भावाने. वाचवलेल्या चार-पाच हजारांच्या कित्येक पट रक्कम त्या रात्री उभी करावी लागते. नागपूरहून आणणाऱ्या कंपनीकडे दाद मागता येत नाही. तिने पाऊण तास उशिरा का होईना, मुंबईला आणून सोडलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रत्येक मोठ्या विमानतळासाठी ‘किमान जोडणी वेळ’ ठरलेली असते. देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात, आंतरराष्ट्रीयमधून देशांतर्गत, अशा प्रत्येक प्रकारासाठी ती वेगळी असू शकते. टर्मिनल आणि कंपनीनुसारही बदलते. फ्रँकफर्टला ती 45 मिनिटं असल्याचं अनेक प्रवाशांना ठाऊक असतं, आणि मग तेवढा वेळ पुरतो म्हणून ते तिकिटं जोडतात. पण ही वेळ तिकीट विक्रीच्या यंत्रणेसाठी ठरवलेली आहे. त्याहून कमी अंतराची दोन विमानं एका तिकिटावर विकली जाऊ नयेत, हा तिचा उद्देश. ती ठरवताना सामान कर्मचारी परस्पर दुसऱ्या विमानात चढवतील आणि प्रवाशाच्या हातात पुढचा बोर्डिंग पास असेल, हे गृहीत असतं. पट्ट्यावर बॅगेची वाट पाहणं, बाहेर येणं, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहणं यांतलं काहीच त्यात मोजलेलं नसतं. वेगळी तिकिटं काढणाऱ्याने त्या आकड्यावर विसंबू नये.

सामानाचा प्रश्न वेळेपुरताही मर्यादित नाही. सलग तिकिटावर नागपूरलाच बॅगेला शेवटच्या विमानतळाची पट्टी लागते. त्या पट्टीवर ठळक अक्षरांत BOS असेल, तर बॅग बोस्टनला मिळणार. BOM असेल तर ती मुंबईत उतरवून घ्यायची. वजनाची मर्यादाही सलग तिकिटात सहसा संपूर्ण प्रवासासाठी एकच असते, आणि अमेरिकेच्या प्रवासात ती बऱ्याचदा 23 किलोच्या दोन बॅगांची असते. वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर मात्र इकॉनॉमी वर्गात 15 किलोची मर्यादा लागू होते. तिच्या 46 किलोंपैकी 31 किलो जादा ठरतात. किलोमागे 500 रुपये धरले, तरी 15,500 रुपये नागपूरच्या काउंटरवरच भरावे लागतील. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यास काही कंपन्या सवलत देतात, पण ते तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यायला हवं.

परतीच्या वाटेवर हे चित्र थोडं बदलतं. परदेशातून भारतात येताना सलग तिकीट असलं, तरी पहिल्या भारतीय विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, हा सर्वसाधारण नियम. फरक त्यानंतर सुरू होतो. सलग तिकीटवाल्याला बॅग तिथेच ट्रान्सफर काउंटरवर सोपवता येते. वेगळं तिकीट असलेल्याला सगळं सामान घेऊन बाहेर पडून, कदाचित दुसऱ्या टर्मिनलला जाऊन, नव्याने चेक-इन करावं लागतं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. त्यामुळे ‘मुंबई’ म्हणून शोधलेल्या विमानाचं ठिकाण BOM आहे की NMI, हे तिकिटावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. उलव्याहून सहारला जायला पस्तीस-चाळीस किलोमीटर रस्ता आणि मुंबईची वाहतूक पार करावी लागते.

तिकिटांची जोडणी परदेशात होणार असेल, तर धोका आणखी वेगळा असतो. समजा, मुंबई ते दुबई एका कंपनीचं तिकीट आणि दुबई ते युरोप दुसऱ्या कंपनीचं. दुबईत बॅग घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा लागतो. काही देशांचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना असलेल्यांना तो तिथे पोहोचल्यावर मिळू शकतो. अडचण मात्र दुबईला पोहोचण्याआधी, मुंबईच्या काउंटरवरच उभी राहते. पहिल्या कंपनीच्या नोंदीत तुमचा शेवटचा मुक्काम दुबई असतो. तिथे प्रवेश करण्याची कागदपत्रं नसतील, तर ती तुम्हाला विमानात बसू देणार नाही. लंडनच्या हीथ्रोवर विमानतळाच्या आतच विमान बदलणाऱ्यासाठी एक ट्रान्झिट व्हिसा आहे आणि इमिग्रेशन ओलांडून बाहेर येणाऱ्यासाठी दुसरा. बॅग घ्यायला बाहेर यावं लागणाऱ्याला पहिला उपयोगी पडत नाही.

आपलं तिकीट सलग आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बुकिंगच्या वेळी Self-transfer किंवा Separate tickets असे शब्द दिसले, तर उत्तर तिथेच मिळतं. पीएनआरवरून मात्र निष्कर्ष काढू नये. दोन कंपन्यांचे दोन पीएनआर असूनही तिकीट एकच असू शकतं. पाहायचा तो 13 अंकी ई-तिकीट क्रमांक. सगळ्या टप्प्यांवर तोच क्रमांक असेल, तर प्रवास एकाच करारात आहे. टप्पे जास्त असले की लागोपाठचे दोन क्रमांक येऊ शकतात. क्रमांक पूर्णपणे वेगळे असतील, तर मधली जबाबदारी तुमची. एजंटने दोन्ही तिकिटं एकाच कागदावर छापून दिली म्हणून त्यात फरक पडत नाही.

तरीही वेगळी तिकिटं काढायची असतील, तर हिशेब उलट बाजूने करावा. दुसऱ्या विमानाचं काउंटर कधी बंद होतं तिथून मागे यायचं: रांग, टर्मिनल बदलण्याचा रस्ता, बॅग मिळायला लागणारा वेळ. उरलेल्या अवधीत पहिल्या विमानाचा दोन-तीन तासांचा उशीर मावला पाहिजे. पावसाळ्यात मुंबईला आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीला त्याहून अधिक. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीखही नीट पाहावी. 15 तारखेच्या 1 वाजताच्या विमानासाठी विमानतळावर 14 च्या रात्री पोहोचायचं असतं.

त्या विद्यार्थिनीसाठी याचा अर्थ सरळ आहे. तिने दुपारीच मुंबईला पोहोचेल असं विमान घ्यावं, किंवा आदल्या दिवशी येऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा. दुपारी आल्यास बॅगा लगेच देता येणार नाहीत, कारण आंतरराष्ट्रीय काउंटर बहुधा तीन-चार तास आधीच उघडतं, हे धरून चालावं. आणि भाड्यांची तुलना करताना स्वस्त बेरजेत जादा सामानाचा खर्च, टॅक्सी आणि मुक्काम मिळवावा. बहुतेक वेळा त्यानंतर सलग तिकीट महाग राहत नाही. हातातली एकच लहान बॅग घेऊन, मध्ये एक रात्र राखून निघणाऱ्याला वेगळी तिकिटं खरोखर स्वस्त पडतात. 46 किलो सामान आणि ठरलेल्या दिवशी विद्यापीठात हजर राहायचं असलेल्या मुलीला ती परवडणारी नाहीत.