भाकरी मऊ का पडली? वहीला विचारा

ताईंनो, "कडक भाकरी मऊ पडली," असं गिऱ्हाईक म्हणालं की आपण पाकीट बदलून देतो आणि विसरून जातो. बदलताना वहीत एक ओळ लिहा: आजची तारीख, पाकिटावरची पॅकिंगची तारीख, दुकान आणि गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे.

एका गटाने महिनाभर असं लिहिलं. 7 तक्रारी आल्या. सगळ्यांना वाटलं, पाकीट बंद करायचं मशीन बिघडलं. पण 7 पैकी 6 पाकिटं सोमवारची निघाली. मशीन तर रोज तेच! सोमवारी माल जास्त होतो म्हणून असेल का? पाकिटांचा हिशोब बघितला, तर रोज सारखीच पाकिटं.

मग 'का' विचारत गेलो. भाकरी मऊ का? पाकिटात वाफ राहिली. वाफ का? भाकरी कोमट असतानाच भरली. एवढी घाई का? मंगळवारच्या बाजाराचा माल संध्याकाळच्या एसटीने जायचा, आणि चूल दुपारी पेटायची. दुपारी का? रविवारी गिरणी बंद, त्यामुळे पीठ सोमवारी दळून यायचं.

म्हणजे चूक भरणाऱ्या ताईची नव्हतीच. तिला बोललो असतो तर पुढची तक्रार कुणी लिहिलीच नसती. आता दळण शनिवारी होतं, भाकरी पूर्ण गार झाल्यावरच भरतात. पुढच्या महिन्यात सोमवारच्या मालाची एकही तक्रार आली नाही. तरी वही चालूच आहे.