आजाराचा रकाना : १९९१ ते २०१८

नोकरीपूर्वीच्या आरोग्य-घोषणापत्रात काय विचारावे, हा प्रश्न आपल्याकडे ठळकपणे पुढे आला तो आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणामुळे. १९८९ मध्ये निवड झालेल्या एका उमेदवार स्त्रीला पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, गर्भधारणा किती झाल्या, असे अर्जात विचारले होते. महामंडळाच्याच डॉक्टरने तिला तपासून पात्र ठरवले. पुढे परिवीक्षा काळात ती प्रसूती रजेवर गेली आणि पाळीची तारीख खोटी लिहिली म्हणून तिला काढून टाकण्यात आले. ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. उत्तराच्या खरेपणाआधी प्रश्नाचा अधिकार तपासायला हवा, हे मला या निकालाचे मोल वाटते.

मग कोणता प्रश्न रास्त? १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित रोजंदारी कामगाराच्या खटल्यात कसोटी दिली: माणूस ते काम करू शकतो का, आणि त्याच्यापासून इतरांना धोका आहे का. रेल्वेचालकाची नजर किंवा क्रेन चालवणाऱ्याला येणाऱ्या फिट्स या कसोटीत बसतात. लेखनिकाचा जुना क्षयरोग बसत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने तर नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागण्यालाच मनाई केली. आपली बाधा उघड करायलाही एरवी कुणाला भाग पाडता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रश्नच गैर असेल तर ‘नाही’ लिहून मोकळे व्हावे. मला हे पटत नाही. त्या स्त्रीला नोकरी परत मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. आणि पुढे रास्त प्रश्नालाही खोटे उत्तर दिल्याचा संशय आपल्यालाच चिकटतो. गैर रकाना कोरा ठेवून ‘कामाशी संबंध कळवावा’ असे लिहिणे वेगळे, खोटे लिहिणे वेगळे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यांची माहिती दडवण्याच्या संदर्भात म्हटले होते की, जे नेमके विचारले तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. तो नियम आरोग्यालाही लागू व्हावा, असे माझे मत आहे. ‘पूर्वी कधी आजारी होता का?’ हा प्रश्न इतका मोघम आहे की सर्दीपासून सगळे त्यात येते. ‘गेल्या पाच वर्षांत क्षयरोगावर उपचार घेतले का?’ हा मात्र नेमका आहे.

खरे सांगितले तर नोकरी जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून नुसते ‘होय’ लिहून थांबू नये. क्षयरोग झाला असेल तर ‘२०२२ मध्ये फुप्फुसाचा क्षयरोग, सहा महिन्यांचे उपचार पूर्ण, औषधे बंद, कामावर कोणतेही वैद्यकीय बंधन नाही’ असे लिहून उपचार पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडावे. मग नाकारणाऱ्याला आजाराच्या नावावर नव्हे, आजच्या क्षमतेवर बोट ठेवावे लागते. भरलेल्या अर्जाची प्रत आपल्याजवळ ठेवावी, कारण वाद पुढे जेव्हा उठतो तेव्हा मूळ कागद कार्यालयाच्या कपाटात असतो.