चौथ्या मजल्याची केबल

पाच मजली ऑफिस इमारतीचा चौथा मजला घेऊ. तळमजल्यावरच्या मुख्य पॅनलपासून तिथल्या बोर्डापर्यंत केबलचा रस्ता ९० मीटर. वर किती जाडीची केबल न्यायची, हे विद्युत सल्लागाराच्या लोड शेड्यूलवरून ठरतं.

जोडलेला भार ८० किलोवॅट: एसी ४०, दिवे १०, संगणक आणि प्लग मिळून ३०. पण हे सगळं एकाच वेळी पूर्ण क्षमतेने कधीच चालत नाही. म्हणून प्रत्येक भाराला डायव्हर्सिटीचा गुणक लावतात. आपण दिवे आणि एसीला ०.९ धरू, प्लगना ०.४. मागणी उतरते ५७ किलोवॅटवर. ४१५ व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टरला हा प्रवाह होतो सुमारे ८८ ॲम्पियर.

आता केबल. ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल हवेत साधारण १४० ॲम्पियर पेलते. पण ट्रेवर ती इतर केबलींना खेटून असते, शाफ्टमध्ये उकाडा असतो. म्हणून क्षमता तीन चतुर्थांश धरू, म्हणजे १०५. शंभरचा ब्रेकर लावला तरी चालेल. बरेच हिशेब इथेच थांबतात, आणि चूक नेमकी इथेच होते.

कारण केबल तापली नाही, तरी वाटेत व्होल्टेज खाते. या ९० मीटरमध्ये १०.६ व्होल्ट जातात, म्हणजे २.६ टक्के. भारतीय मानक आयएस ७३२ दिव्यांसाठी, पुरवठा इमारतीत शिरतो तिथपासून दिव्यापर्यंत, ३ टक्क्यांची मर्यादा घालतं. इतर उपकरणांना ५. मजल्यावरच्या बोर्डापासून शेवटच्या दिव्यापर्यंतच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत ६ ॲम्पियर वीस मीटर नेले, की आणखी जवळजवळ एक टक्का जातो. एकूण साडेतीनच्या आसपास. म्हणजे उष्णतेच्या परीक्षेत पास झालेली केबल इथे नापास. ७० ची घेतली तर तिच्यातली घट १.८ टक्क्यांवर येते आणि दिव्यांपर्यंतची बेरीज मर्यादेत बसते.

माझ्या मते, अहवाल तपासताना आधी डायव्हर्सिटीचा रकाना पाहावा. मजल्याच्या बोर्डावर कमी केलेली मागणी मुख्य पॅनलवर पुन्हा कमी केली जाते, आणि दोन्ही वेळा कारण लिहिलेलं नसतं. मजल्यांची शिखरं वेगवेगळ्या वेळी येत असतील तरच दुसरी कपात योग्य. मे महिन्यात दुपारी तीनला सगळ्या मजल्यांचे एसी एकदमच चालतात. सर्व्हर रूमला तर गुणक १ च धरावा.

इमारत वापरात आली, की त्याच दुपारी बोर्डावर क्लॅम्प मीटर लावून प्रवाह मोजावा आणि शेवटच्या दिव्यापाशी व्होल्टेज. प्रवाह ८८ च्या वर गेला, तर घटीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, मग ब्रेकर पडला नसला तरी.