अरेबिका घ्यावी की रोबस्टा?

चहाच्या घरात वाढलेला माणूस पहिल्यांदा कॉफीची पूड आणायला जातो, तेव्हा '१०० टक्के अरेबिका' असं लिहिलेलं महागडं पाकीट उचलतो. घरी येऊन ती चहासारखी भरपूर दुधात करतो आणि म्हणतो, "यात कॉफी कुठंय?" चूक पुडीची नसते. अरेबिकाची नाजूक, किंचित आंबूस, फळासारखी चव दुधात हरवून जाते.

अरेबिकाच्या बीमध्ये साखर आणि तेलं जास्त असतात. त्यामुळे भाजल्यावर तिला गोडसर सुगंध येतो. रोबस्टा कडवट, दाट, मातकट लागते, पण दूध-साखरेतही तिची चव टिकून राहते. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत आणि इटलीच्या अनेक एस्प्रेसो मिश्रणांत ती मुद्दाम घालतात, ती त्यासाठीच. शिवाय तिच्यामुळे एस्प्रेसोवर जाड फेस येतो.

कडवटपणात कॅफिनचाही वाटा असतो, आणि ते रोबस्टात जवळजवळ दुप्पट असतं: अरेबिकात साधारण सव्वा टक्का, रोबस्टात सव्वादोन टक्के. एका कपाला १० ग्रॅम पूड वापरली, तर अरेबिकाच्या पुडीत सुमारे १२० मिलिग्रॅम आणि रोबस्टाच्या पुडीत सुमारे २२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. त्यातलं बहुतेक कपात उतरतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. म्हणजे रोबस्टाचे दोन कडक कप घेतले, की तुम्ही तिच्या जवळ पोहोचलातच.

झाडाला मात्र हेच कॅफिन किडीपासून वाचवायला मदत करतं. रोबस्टा कमी उंचीवर, उष्ण हवेत तग धरते आणि पीकही जास्त देते. अरेबिकाला चिकमगळूरसारखा डोंगर, गारवा आणि सावली लागते. पानांवर तांबेरा पडतो, खोडात पोखरकिडा शिरतो. फळं पिकली की गळू लागतात, म्हणून एकाच झाडाची तोडणी पुन्हापुन्हा करावी लागते. तिची किंमत या मेहनतीतून येते. तरी स्वस्त ती वाईट, असं समजू नका. कोडगू-वायनाडची नीट धुऊन वाळवलेली रोबस्टा मला हलक्या, शिळ्या अरेबिकापेक्षा केव्हाही चालेल.

मग नवख्यानं काय घ्यावं? बिनदुधाची प्यायची असेल, तर मध्यम भाजलेली अरेबिका. दूध घालायचंच असेल, तर सत्तर टक्के अरेबिका आणि तीस टक्के रोबस्टा, तीही चिकोरीशिवाय. चिकोरी ही कॉफी नव्हे, भाजलेलं मूळ आहे. तिच्या दाट, कडू चवीखाली कुठली बी कशी लागते ते कळत नाही. पाकिटावर '८०:२०' दिसलं, तर ते बहुधा कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण असतं, अरेबिका आणि रोबस्टाचं नव्हे. दुकानदाराला हे विचारून घ्या, आणि पहिल्या वेळी शंभरच ग्रॅम दळून आणा.