लिंगाला बाक येतो तेव्हा

पहाटे जाग येते ती दुखण्याने. लिंग ताठ झालेलं असतं, पण नेहमीसारखं सरळ नसतं, मधूनच वरच्या बाजूला वळलेलं असतं. शिथिल झाल्यावर बोटांनी चाचपलं तर कातडीखाली एखादी टणक गाठ किंवा लांबट पट्टी हाताला लागते. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला हे जाणवलं की आधी दोनच शंका येतात: हा कॅन्सर तर नाही? आणि कुणाकडून काही लागण तर झाली नाही? हा आजार कॅन्सरही नाही आणि संसर्गाने पसरणाराही नाही. डॉक्टर त्याला पेरोनीज डिसीज म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यचिकित्सक पेरोनी याने १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. त्याने उपाय म्हणून बारेज गावच्या गरम झऱ्यांचं पाणी सुचवलं होतं. पुढच्या पावणेतीनशे वर्षांत यावर जे उपाय निघाले, त्यांतले बरेचसे त्या पाण्याहून फारसे सरस ठरले नाहीत.

लिंगाच्या आत रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट, पण ताणलं जाणारं आवरण असतं. ताठरता येते तेव्हा हे आवरण सगळीकडून सारखं ताणलं जातं. या आजारात आवरणाच्या एका भागात व्रणाची पेशीजालं साचतात आणि तो भाग ताणला जाईनासा होतो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूने जाड ठिगळ लावून हवा भरली, तर ट्यूब ठिगळाच्या बाजूला वळते, तसंच हे. गाठ बहुधा वरच्या अंगाला असते, म्हणून बाकही बहुधा वर असतो. काहींच्या लिंगाला मधेच खाच पडते किंवा त्याची लांबी कमी होते. तरुणपणापासून लिंग थोडं वाकडंच आहे आणि गाठ कुठेच नाही, असं असेल तर तो जन्मजात बाक. ही वेगळी गोष्ट.

हा व्रण होतो कशाने? संभोगाच्या वेळी ताठ लिंग मुडपलं की आवरणाच्या थरांत बारीक इजा होते, हे सगळ्यात मान्य उत्तर आहे. बहुतेकांना अशी कोणतीही वेळ आठवत नाही, कारण इजा इतकी किरकोळ असते. जखम भरून येताना शरीर तंतू विणतं आणि काम झालं की थांबतं. इथे ते थांबत नाही. तंतू साचत जातात, कधी कधी त्यांत कॅल्शियमही बसतं. पण तशाच किरकोळ इजा असंख्य पुरुषांना होतात आणि सगळ्यांना गाठ येत नाही. म्हणजे काहींच्या शरीराचा कलच व्रण वाढवण्याकडे असतो. अशा रुग्णांपैकी काहींच्या तळहातावरही घट्ट दोर येतात आणि करंगळी-अनामिका आत ओढल्या जातात. म्हणून जाणकार यूरोलॉजिस्ट हातही उघडून दाखवायला सांगतो. मधुमेह आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन यांच्याशीही या आजाराचा संबंध आढळतो. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती असतात ते ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ मात्र सगळा दोष तरुणपणीच्या हस्तमैथुनाला देतात. त्याला आधार नाही.

उपचारांबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे, आणि लोक नेमकी तिथेच चुकतात. समजा, चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठ वर्षं मधुमेह. चार महिन्यांपासून ताठरतेत दुखतंय आणि बाक दर महिन्याला वाढल्यासारखा वाटतोय. ही आजाराची पहिली, धगधगती अवस्था. ती साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालते. या काळात ऑपरेशन करणं म्हणजे हलत्या निशाण्यावर नेम धरणं. आज सरळ केलेलं उद्या पुन्हा वळेल. डॉक्टर त्यांना दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी देतात, साखर आटोक्यात आणायला सांगतात आणि ताठ लिंगाचे दोन फोटो, एक वरून आणि एक बाजूने, घरीच मोबाईलवर काढायला सांगतात. लाज वाटली तरी हे फोटो तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी असतात. दर दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा काढायचे.

वर्षभरात दुखणं थांबतं, बहुतेकांचं थांबतंच. बाक मात्र मोजक्यांचाच आपोआप कमी होतो, बाकीच्यांचा तसाच राहतो किंवा वाढतो. आपल्या गृहस्थांच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांतल्या फोटोंत बाक पन्नास अंशांवर स्थिरावलेला दिसतो. आता दवाखान्यात लिंगात इंजेक्शन देऊन ताठरता आणतात, बाक कोनमापकाने मोजतात आणि सोनोग्राफीत रक्तप्रवाह पाहतात. त्यानंतर डॉक्टर विचारतात तो प्रश्न बाकाबद्दल नसतो. ‘संबंध जमतो का? तुम्हाला किंवा पत्नीला त्रास होतो का?’ जमत असेल, तर काहीच करायचं नाही. पन्नास अंशांना बहुधा जमत नाही.

व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं लिहून दिलं गेलं. बाकावर त्याचा उपयोग होत नाही. ध्वनिलहरींच्या मशीनने दुखणं कमी होऊ शकतं, बाक नाही. दररोज ठरावीक वेळ ताण देणाऱ्या उपकरणाने काहींना थोडा फायदा होतो, पण चिकाटी लागते. व्रणातले तंतू विरघळवणारं कोलॅजिनेज नावाचं इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं. त्याच्या चाचण्यांत बाक सरासरी एक तृतीयांशाने कमी झाला. मात्र नुसतं औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांचाही अठरा टक्क्यांनी कमी झाला होता. शिवाय त्यानंतर आवरण फाटण्याचा धोका असतो, म्हणून काही आठवडे संबंध टाळावा लागतो.

आपल्या गृहस्थांची ताठरता चांगली असल्याने त्यांच्यासाठी टाक्यांचं ऑपरेशन योग्य ठरतं. गाठीला हात न लावता समोरच्या, लांब राहिलेल्या बाजूला टाके घालून ती आखूड करतात. लिंग सरळ होतं, पण एखाद-दोन सेंटिमीटर लांबी जाते, हे आधीच मान्य करावं लागतं. बाक साठ अंशांहून जास्त असेल तर गाठीच्या जागी छेद देऊन ठिगळ लावतात. तिथे लांबी वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याची भीती जास्त. मुळात ताठरताच नीट येत नसेल आणि गोळ्यांनीही भागत नसेल, तर आत कृत्रिम नळ्या बसवणं हाच खरा मार्ग. यातल्या कुठल्याही ऑपरेशनने जुनं लिंग जसंच्या तसं परत मिळत नाही. संबंध पुन्हा शक्य होणं हे यश. वीसेक अंशांपर्यंतचा उरलेला बाक सर्जन अपयश मानत नाहीत.

गाठ लागली असेल तर तेल, लेप किंवा हाताने दाबून सरळ करण्याचे प्रयोग करू नका. थेट यूरोलॉजिस्टकडे जा आणि फोटो सोबत न्या. संबंधाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, लिंग सुजलं आणि काळंनिळं पडलं, तर तो हा आजार नव्हे. ते आवरण फाटलेलं असतं, आणि त्यासाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं.