किमान शिल्लक : दंड कसा बसतो, कसा टळतो

बारामती एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या तरुणाचे बँकखाते बहुधा कंपनीनेच उघडून दिलेले असते. पगार जमा होत असेपर्यंत त्यावर किमान शिल्लकेची अट नसते. कंत्राट संपते, तरुण इंदापूर रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात किंवा दुसऱ्या कारखान्यात रुजू होतो आणि तेथे पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागतो. जुने खाते मात्र तसेच राहते. बहुतेक बँकांत सलग तीन महिने पगार जमा झाला नाही की ते आपोआप साधे बचत खाते होते. खाते साधे झाले, की किमान शिल्लकेची अट लागू होते. खातेदाराला हे कळते ते पासबुकात शे-दीडशे रुपयांच्या वजावटी दिसू लागल्यावर. व्यापारी घरांतही असे एखादे खाते असतेच. मुलाच्या शिक्षणासाठी पुण्यात उघडलेले, सुनेचे माहेरच्या गावचे, किंवा मुनिमाचे दुकानाच्या शिफारशीने उघडलेले.

या वजावटींची एकूण रक्कम लहान नाही. केवळ सरकारी बँकांनी २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत किमान शिल्लक न राखल्याबद्दल सुमारे ८,९०० कोटी रुपये वसूल केल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला होता. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा अशा काही सरकारी बँकांनीही साध्या बचत खात्यांपुरता तो काढून टाकला. खासगी बँकांत ही अट बहुतांशी कायम आहे. एका मोठ्या खासगी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या खात्यांसाठी निमशहरी भागात २५,००० रुपयांची सरासरी मागितली होती. टीका झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत ती ७,५०० वर आणली. रक्कम किती असावी हे ठरविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने बँकांनाच दिलेली आहे.

मुळात ही ‘किमान शिल्लक’ हा शब्दच थोडा फसवा आहे. खात्यातील रक्कम एका दिवसासाठी खाली गेली म्हणून दंड बसतो, असा अनेकांचा समज आहे. बहुतेक बँका पाहतात ती महिन्याची सरासरी. प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, महिन्यातील सर्व दिवसांची बेरीज करायची आणि तिला दिवसांच्या संख्येने भागायचे. जुन्या वहीखात्यात व्याजाचे आंक मांडणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवसही त्यात मोजले जातात.

एक उदाहरण सविस्तर मांडून पाहू. कारखान्यातील एका कामगाराला महिन्याच्या ७ तारखेला १६,००० रुपये मिळतात आणि त्याच्या बँकेची अट ५,००० रुपये सरासरीची आहे, असे समजा. १ ते ६ तारखेपर्यंत खात्यात १,५०० रुपये आहेत. सहा दिवसांचे आंक ९,००० झाले. ७ तारखेला मजुरी जमा होते, पण त्याच दिवशी घरभाडे, किराणा-दुकानाची उधारी आणि गावी पाठवायचे पैसे मिळून १२,००० निघून जातात. दिवसअखेर ५,५०० उरतात आणि १४ तारखेपर्यंत तेवढेच राहतात. आठ दिवसांचे ४४,०००. १५ ते २४ पर्यंत २,५०० म्हणजे २५,०००. शेवटचे सहा दिवस १,००० म्हणजे ६,०००. एकूण बेरीज ८४,०००. तिला ३० ने भागले की सरासरी येते २,८०० रुपये. हवी होती ५,०००, म्हणजे २,२०० रुपये कमी.

दंड तुटीच्या ६ टक्के असेल, तर १३२ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १५६ रुपये जातात. वर्षाचे होतात पावणेदोन-दोन हजार, म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी. विशेष म्हणजे या माणसाच्या खात्यात महिन्याला १६,००० येत आहेत. पैसे खात्यात येतात, पण एक रात्रही मुक्काम करीत नाहीत, हे त्याचे खरे दुखणे.

उपायही तेथेच आहे. त्याने ७ तारखेचे हे १२,००० रुपये सहा रात्री खात्यातच राहू दिले आणि १३ तारखेला चुकते केले, तर ७ ते १२ या दिवसांची शिल्लक १७,५०० राहील. त्या सहा दिवसांचे आंक १,०५,००० होतील, १३ आणि १४ चे ११,०००, बाकीचे पूर्ववत. बेरीज १,५६,००० येते आणि सरासरी ५,२००. खिशातून एक रुपयाही जास्त न घालता दंड टळतो. पाचच रात्री थांबला तर सरासरी ४,८०० येते आणि तूट २०० रुपयांची राहते. तिच्यावरचा दंड १२ रुपये, म्हणजे नगण्य. भाडे लांबणीवर टाकता येत नसेल, पण ज्या दुकानाची उधारी महिनाभर चालते तेथे ७ ऐवजी १३ तारीख ठरवून घेणे अवघड नाही. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक असेल तर दुकानदारानेही अडू नये.

महिना अर्ध्यावर गेल्यावर लक्षात आले तरी वेळ गेलेली नसते. याच उदाहरणात २४ तारखेपर्यंतचे आंक ७८,००० झालेले असतात आणि लागतात १,५०,०००. उरलेले ७२,००० शेवटच्या सहा दिवसांत भरायचे असतील, तर रोज १२,००० शिल्लक हवी, म्हणजे खात्यातल्या १,००० च्या वर आणखी ११,०००. घरातल्या दुसऱ्या खात्यात पैसे पडून असतील तर सहा रात्रींपुरते इकडे वळवावेत. मोठी रक्कम हाताशी असेल तर २२,००० रुपये शुक्रवारी संध्याकाळी टाकून सोमवारी सकाळी काढले तरी शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशा तीन रात्री मोजल्या जाऊन ६६,००० ची तूट भरते. मात्र यासाठी व्याजाने पैसे उचलू नयेत. तसेच आधीचा दंड थकलेला असेल, तर जमा होणाऱ्या रकमेतून तो प्रथम कापला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच रक्कम टाकावी.

ज्यांच्याकडे मुळात मुक्कामाला ठेवण्याइतकी रक्कमच नाही, त्यांनी हा गुणाकार दर महिन्याला करीत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी ‘मूलभूत बचत ठेव खाते’ आहे. बँकेच्या कागदांवर त्याचे नाव बीएसबीडी असे असते. जनधन खातीही याच प्रकारात मोडतात. रिझर्व्ह बँकेने १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने ते सर्व व्यापारी बँकांना बंधनकारक केले. त्यात शिल्लक शून्य असली तरी चालते आणि ते केवळ गरिबांसाठी नाही. कोणालाही मागता येते. चालू असलेले बचत खाते लेखी अर्ज देऊन याच प्रकारात बदलून घेता येते. शाखेत ‘असे खाते आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले तर ते बरोबर नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

पोच घेण्याला महत्त्व आहे, कारण डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या तरतुदींनुसार अर्ज आल्यापासून सात दिवसांत बँकेने खाते बदलून द्यायचे आहे. वार्षिक शुल्काशिवाय एटीएम कार्ड, वर्षाला किमान २५ पानांचे चेकबुक, मोबाइल बँकिंग आणि पासबुक या सोयी त्यात विनामूल्य आहेत. महिन्यात पैसे काढण्याच्या किमान चार वेळा मोफत असतात आणि यूपीआयसारखे डिजिटल व्यवहार त्या चारांत धरायचे नाहीत. ही शेवटची ओळ सहज आलेली नाही. पूर्वी स्टेट बँक अशा खात्यांवर चारपेक्षा अधिक प्रत्येक वजावटीला १७ रुपये ७० पैसे घेत असे, त्यात यूपीआयचे व्यवहारही आले. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आशिष दास यांनी ही बाब चिकाटीने उघड केली होती.

खाते बदलण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली अशी, की हे खाते ज्या बँकेत असेल तेथे त्याच खातेदाराला दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. असल्यास ते तीस दिवसांत बंद करावे लागते. अन्य कोणत्याही बँकेत असे मूलभूत खाते नाही, असेही लिहून द्यावे लागते. मुदत ठेवींना अडचण नाही. दुसरी गोष्ट, बदलताना खाते क्रमांक तोच राहणार की नवा मिळणार, हे अर्ज देतानाच विचारावे. क्रमांक बदलला तर विम्याचा हप्ता, गॅसचे अनुदान, यूपीआय यांची जोडणी पुन्हा करावी लागते आणि हप्ता परत गेला तर त्याचे शुल्क दंडापेक्षा जड पडते.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. शिल्लक ५०,००० च्या वर नको, वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा नको, अशी बंधने काही लोक सांगतात. ती पूर्ण ओळखपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लहान खात्या’ची आहेत. आधार वगैरे देऊन केवायसी पूर्ण केलेल्या मूलभूत खात्याला ती लागू नाहीत.

दुकानाच्या चालू खात्याला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. तेथे सरासरी बहुधा तिमाहीची असते, दंड करारानुसार बसतो आणि शून्य शिल्लकेच्या बचत खात्यातून दुकानाचा गल्ला फिरविणे नियमात बसत नाही. उलाढाल कमी झाली असेल तर खालच्या श्रेणीचे चालू खाते मागणे हाच मार्ग.

बचत खात्यावर दंड बसलाच असेल, तर आधी सूचना आली होती का ते तपासावे. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार शिल्लक कमी पडल्यावर बँकेने एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचे असते आणि ती पूर्ववत करण्यास किमान एक महिना द्यायचा असतो. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर हा दंड घेताच येत नाही. सूचना मिळाली नसेल किंवा खाते उणे दाखविले असेल, तर शाखेला लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तक्रारीसोबत वजावटी दिसणारा खातेउतारा आणि शाखेच्या पोचेची प्रत जोडावी.