डॅशबोर्ड खुला करण्याआधी पाच वाचकांची कसोटी

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागातील नगर केंद्रीय ग्रंथालय स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गजबजलेले असते. अशा ठिकाणी अभ्यासिकेत जागा मिळेल की नाही, हे घरूनच कळले तर एक फेरी वाचते. त्यासाठी मोबाइलवर दिसणारा डॅशबोर्ड तयार करायचा आहे, असे उदाहरणादाखल मानू या. पहिला मसुदा असा: वर ठळक अक्षरांत ‘आसनव्याप्ती 62%’, त्याखाली आठवड्याचा स्तंभालेख आणि कोपऱ्यात ‘10:30’ ही वेळ.

करणाऱ्याला यात काहीच संदिग्ध वाटत नाही, कारण प्रत्येक आकडा कुठून आला हे त्याला ठाऊक असते. वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. म्हणून हा मसुदा सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी चार-पाच खऱ्या वापरकर्त्यांपुढे ठेवावा लागतो: नियमित येणारे दोन विद्यार्थी, प्रथमच येणारा एक, वृत्तपत्रे वाचायला येणारे एक ज्येष्ठ नागरिक आणि प्रवेशद्वारावरील एक कर्मचारी.

त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास बहुतेक जण सौजन्याने ‘छान’ म्हणतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर बरोबर किंवा चूक ठरू शकते, असा प्रश्न द्यावा: ‘आत्ता किती जागा रिकाम्या आहेत?’, ‘ही माहिती केव्हाची आहे?’, ‘मंगळवारी सोमवारपेक्षा किती अधिक गर्दी होती?’ विचार मोठ्याने बोलून दाखवण्याची विनंती करावी आणि मग गप्प राहावे. वाचक अडखळला की समजावून सांगण्याचा मोह होतो. पण प्रत्यक्ष वापरात शेजारी समजावणारा कोणी नसतो. वाचकाचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. ‘गोंधळला’ ही नोंद निरुपयोगी ठरते. ‘बासष्ट टक्के जागा मोकळ्या, म्हणजे मिळेल’ ही नोंद दुरुस्तीची दिशा दाखवते.

या मसुद्यात तीन चुका होण्याचा संभव आहे. ‘व्याप्ती’ हा शब्द न पाहता कोणी 62 टक्के जागा रिकाम्या समजेल. ‘10:30’ ही ग्रंथालय उघडण्याची वेळ वाटेल. तिसरी चूक आलेखाची. उभा अक्ष शून्याऐवजी 65 पासून सुरू केला, तर सोमवारच्या 70 टक्क्यांपेक्षा मंगळवारचा 75 टक्क्यांचा स्तंभ दुप्पट उंच दिसतो आणि वाचक ‘गर्दी दुप्पट’ असे म्हणतो.

आलेखाची मांडणी किती दिशाभूल करू शकते, याचे खरे उदाहरण मे 2020 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दिसले. तेथील आरोग्य विभागाच्या कोविड आलेखात तारखा कालक्रमाने मांडलेल्या नव्हत्या. त्यामुळे रुग्णसंख्या सतत उतरत असल्याचा भास होत होता. टीका झाल्यावर आलेख दुरुस्त झाला, पण तोवर तो लोकांपुढे गेला होता.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना एक भेद महत्त्वाचा आहे. उशिरा सापडलेले बरोबर उत्तर ही गैरसोय असते. आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे उत्तर हा धोका असतो, कारण त्या वाचकाला आपण चुकलो हे कळतच नाही. असे दोष आधी काढावेत. एकूण 300 जागा धरल्यास ‘आसनव्याप्ती 62%’ऐवजी ‘300 पैकी 114 जागा रिकाम्या’ असे लिहिता येते. ‘10:30’च्या जागी ‘ही माहिती आज सकाळी 10:30 ची’ असे लिहावे आणि अक्ष शून्यापासून सुरू करावा. खाली खुलाशाची टीप जोडणे हा उपाय नव्हे. जो ठळक मथळा नीट वाचत नाही, तो टीपही वाचणार नाही.

सुधारित मसुदा नव्या वाचकांना दाखवावा, कारण आधीच्यांना उत्तरे आता माहीत असतात. पाच जण पुरतात का? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका वापरकर्त्याकडून सरासरी 31 टक्के दोष उघड होतात आणि पाच जणांकडून सुमारे 85 टक्के. म्हणून पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या आणि मधे दुरुस्ती, ही रीत अधिक फलदायी ठरते.

मात्र 31 टक्के ही सरासरी आहे. एखादा दोष विरळ असेल, तर तो पाच जणांत दिसणारही नाही. पाचांपैकी दोघे चुकले म्हणून ‘40 टक्के लोक चुकतात’ असा निष्कर्षही काढता येत नाही. वाचकांचे गट वेगळे असतील, तर प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्यावे लागतात. गोव्यात तोच फलक मराठी, कोकणी आणि इंग्रजीत निघणार असेल, तर प्रत्येक भाषेतील मसुदा त्या भाषेच्या वाचकांपुढे स्वतंत्रपणे ठेवावा लागेल, कारण एका भाषेत स्वच्छ वाटणारा शब्द दुसरीत उलट अर्थाने वाचला जाऊ शकतो.